शीला सिस्टरचा अंगठा

बारवी धरणाच्या बाजूला डोंगरात जेवढे पाडे आहेत, त्या सगळ्यांचं सरकार म्हणजे शीला सिस्टरचा मोबाईल. ही गंमत शीलाचा नवरा महेंद्र करायचा, आणि त्यात खोटं फारसं काही नव्हतं. आरोग्य केंद्राच्या ग्रुपवर तेवीस आशा कार्यकर्त्या होत्या. कोण गरोदर, कुणाचं बाळ ताप घेऊन बसलंय, कुठली लस संपली, सगळं त्या ग्रुपवर येऊन पडायचं. शीला सकाळी अंबरनाथच्या घरून निघायची, बदलापूरला उतरून पुढे टमटमने केंद्रात पोचायची, आणि पोचेपर्यंत ग्रुपवर चाळीस मेसेज साचलेले असायचे. ती एकेका मेसेजखाली अंगठा उठवत जायची. अंगठा म्हणजे वाचलं. अंगठा म्हणजे समजलं. अंगठा म्हणजे बघते, करते, होईल, आता पुढचं सांग. एवढी कामं एका पिवळ्या चित्रावर टाकली की ते चित्र कधीतरी दगा देणारच. पण हे नंतरचं शहाणपण झालं, आणि नंतरचं शहाणपण फुकट मिळतं.

ग्रुपवरचं सगळं लिखाण मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत. त्याला कुणी नियम केला नव्हता, तशी सवय पडली होती. केंद्राचे डॉक्टर धर्मेश उल्हासनगरचे, सिंधी घरातले. मराठी बोलायचे झकास, पण देवनागरी वाचताना चष्मा काढायचे आणि परत लावायचे. ते "kal camp hai, sab yaa" असं टाकायचे, हिंदी-मराठीची खिचडी करून. शीलाचं बालपण उल्हासनगर कॅम्प दोनमधलं, गल्लीत अर्धी दुकानं सिंध्यांची. तिच्याही बोटांतून तसंच यायचं. उद्या म्हणायला चार अक्षरं, kal म्हणायला तीन. घाईच्या माणसाला एक अक्षरही जड असतं.

एकटी निशा सुरुवातीला देवनागरीत लिहायची. निशा मोहाच्या वाडीची आशा, ठाकर आदिवासींच्या घरातली, आठवीपर्यंत शिकलेली. तिचे मेसेज यायचे ते वहीतल्या धड्यासारखे, पूर्णविरामासकट. एका बैठकीत शीलानंच तिला सांगितलं होतं, सगळ्यांसमोर, हसत, की बाई गं, तू लिहून होईस्तोवर बाळ शाळेत जातं, इंग्लिश अक्षरांत टाक, पटकन होतं. बायका हसल्या. निशाही हसली. दुसऱ्या दिवसापासून ती रोमनमध्ये लिहू लागली. तिच्या फोनमधला मराठी कीबोर्ड एका महिन्यात जागा कमी पडते म्हणून उडाला.

मंगळवारी लसीकरणाचा दिवस होता. केंद्राच्या ओट्यावर तीस-पस्तीस बायका, सगळी बाळं एकाच वेळी रडत होती, आणि थंड डब्यातल्या बर्फाचं पाणी होऊन चाललं होतं. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी निशाचा मेसेज आला:

"tai navsila kal yete gadi pathva"

शीलानं तो डाव्या हातानं वाचला, उजव्या हातात सुई होती. नवसी तिला ठाऊक होती. वाडीतल्या वाळूची बायको, पहिलटकरीण, तारखेला अजून अठरा दिवस. बुधवारी तिला तपासणीला आणायचं असं निशाशी आठवड्यापूर्वीच ठरलं होतं. तेव्हा मेसेज तिला सरळच दिसला: नवसीला कल येते. म्हणजे नवसीला घेऊन उद्या येते, गाडी पाठवा. 'घेऊन' राहिलं होतं, पण ग्रुपवर सगळ्यांचंच काही ना काही राहायचं. उद्याची गाडी, उद्या सकाळी सांगू. शीलानं अंगठा दाबला आणि पुढच्या बाळाची मांडी धरली.

मोहाच्या वाडीत कुणी उद्याला कल म्हणत नाही. तिथे उद्याला उद्याच म्हणतात, आणि कळ म्हणजे कळ.

निशानं लिहिलं होतं, नवसीला कळ येते.

पुढचं शीलाला नंतर निशाकडून कळलं. वाडीत फोन लागत नाही. टेकडीवर मोहाच्या झाडाखाली रेंजची एक कांडी येते. निशानं आधी बोलून निरोप पाठवून पाहिला, तो घड्याळाचं चित्र दाखवत अडकून बसला. फोन तीनदा लावला, तीनदा तुटला. लेखी मेसेज तेवढा गेला. आणि मिनिटभरात सिस्टरचा अंगठा आला. त्या ग्रुपवरची रीतच अशी होती की गाडीच्या निरोपाखाली सिस्टरचा अंगठा आला म्हणजे सिस्टरनं केंद्रातून फोन करून गाडी सोडली. दोन वर्षं ती रीत एकदाही चुकली नव्हती. निशा टेकडी उतरत ओरडत आली की गाडी निघाली. वाळूनं नवसीला खाटेसकट रस्त्याला आणून ठेवलं. पाऊण तास गेला. दीड तास गेला. निशा परत वर धावली, पण कांडीही गेली होती. अंगठा मात्र स्क्रीनवर तसाच होता, पिवळाजर्द. शेवटी वीटभट्टीचा टेंपो थांबवला. बाळ टेंपोत, बदलापूरच्या अलीकडे झालं. मुलगी होती. रडली नाही.

नवसी जगली. तेवढंच.

आठवडाभरानं केंद्रात कागद सुरू झाले. बाळ गेलं की चौकशी होते, ते योग्यच आहे. पण चौकशीला शेवटी कुणाचं तरी नाव लागतं, आणि नाव शोधताना माणसं उताराकडे बघतात, पाण्यासारखी. डॉक्टर धर्मेशांनी मेसेजची छापील प्रत टेबलावर ठेवली आणि तो मोठ्यानं वाचला. त्यांनीही 'कल'च वाचलं. मग तालुक्याहून आलेल्या शंकररावांनी वाचला. ते म्हणाले, 'काल' आहे हे, नवसीला काल येते, म्हणजे भाषेचीच बोंब आहे. तीन शिकलेली माणसं, सहा डोळे, आणि मेसेज लिहिणारीला जे म्हणायचं होतं ते एकाच्याही तोंडातून आलं नाही.

शीला मात्र त्या कागदाकडे बघत राहिली. आठ रात्री ती तेच करत होती, मनात. kal. त्या तीन अक्षरांत काल बसत होता, काळ बसत होता, कळ बसत होती, हिंदीतला उद्या बसत होता. इंग्रजी अक्षरांत ळ नाही. ण आणि न एकच, ट आणि त एकच, ठ आणि थ एकच. आखूड-लांब स्वर लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. लिहिणाऱ्याला हे कधी दिसत नाही, कारण तो लिहिताना स्वतःच्या कानात ऐकत असतो. वाचणारा त्याच्या स्वतःच्या कानानं वाचतो. निशाचा कान वाडीचा, शीलाचा कॅम्प दोनचा.

आणि हे पहिल्यांदा झालं नव्हतं. हे तिला आता एकेक करून आठवत होतं, दाढेत अडकलेलं नखानं काढावं तसं. लोहाच्या "sath golya" वाचून एकीनं सातच गोळ्या दिल्या होत्या, द्यायच्या होत्या साठ. "aat ahe" वरून आत आहे की आठ आहेत यावर दोघी भांडल्या होत्या. एकीनं "bal ala" लिहिलं, तर सगळ्यांनी अभिनंदन टाकलं, आणि ती प्रश्न विचारत होती की बाळ आलं का लशीला. प्रत्येक वेळी ग्रुप हसला होता. शीला सगळ्यात जास्त हसली होती.

डॉक्टर धर्मेश माणूस वाईट नव्हते. त्यांनी खुलाशाचा मसुदाही स्वतःच करून ठेवला होता, शीलाला त्रास नको म्हणून. आशा कार्यकर्तीने पाठवलेला संदेश अस्पष्ट व अशुद्ध असल्याने त्याचा बोध झाला नाही. सबब सदर कार्यकर्तीस कामावरून कमी करावे. खाली शीलाच्या सहीची जागा. ते समजावून म्हणाले की निशाचं काम मानधनाचं, तिची काही पेन्शन बुडत नाही; सिस्टरची बावीस वर्षांची नोकरी आहे, मुलगा धम्मदीप इंजिनिअरिंगला आहे. सगळं खरं होतं. खरं असूनही शीलानं पेन उचललं नाही.

तिनं विचारलं की निशाला बोलावलं आहे का. बोलावलं होतं. निशा बाहेर व्हरांड्यात बसली होती, वजनकाट्याशेजारी, पदर दोन्ही मुठींत धरून. शीला पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेली. निशानं वर बघितलं आणि तिच्या आधीच बोलली.

"ताई, माझंच चुकलं. दोन a टाकायचे होते का मी?"

दोन a टाकले असते तर ते 'काल' झालं असतं. 'कळ'मध्ये a एकच. निशानं जे लिहिलं होतं त्याहून बरोबर त्या अक्षरांत लिहिताच येत नव्हतं. फार तर मोठा L टाकता आला असता, kaL, पण ती खूण दोघींनी आधी ठरवलेली असती तरच. ती पोर आठ दिवस एक a शोधत बसली होती. शीला तिच्याशेजारी बसली आणि म्हणाली, तुझं काही चुकलं नाही. पण हे वाक्य तिनं इतक्या हळू म्हटलं की आत टेबलावर ते पोचणार नव्हतं, आणि ते तिलाही माहीत होतं. भित्रेपणाला आवाज कमीच असतो.

जबाब द्यायला वाळू आला. तो पंचविशीचा असेल, पण त्या आठवड्यानं चाळिशीचा दिसत होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. शंकररावांनी त्याचा जबाब लिहून घेतला, चांगल्या अक्षरात, आणि सगळा वाचून दाखवला. मग शाईचा पॅड पुढे सरकवला. वाळूनं अंगठा शाईत टेकवला, पण कागदावर ठेवला नाही.

"साहेब, पुन्यांदा वाचा," तो म्हणाला.

शंकररावांनी पुन्हा वाचला. वाळूनं मधेच थांबवलं. वेळ चुकली होती. टेंपो तीनला नाही, साडेतीनला मिळाला. शंकररावांनी खोडून दुरुस्त केलं. वाळूनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं. डॉक्टर घड्याळ बघू लागले. शंकरराव जरा चिडूनच म्हणाले, अरे बाबा, किती वेळा, लाव की आता.

वाळूनं शाईचा अंगठा हवेत धरला होता. आवाज चढवला नाही.

"आमाला वाचता येत नाय, साहेब. म्हनून आमचा बा सांगून गेला, समदं कानानं पुरं ऐकल्याबिगर अंगठा द्यायचा नाय. अंगठा दिला का मानूस बांदला जातो." मग तो शीलाकडे वळला. त्याच्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "सिस्टर, तुमी तं शिकलेली. निशानं मला दाखवला व्हता, तुमचा अंगठा. मी नवसीला बोललो, आता भ्यायचं नाय, सिस्टरनं अंगठा दिलाय."

मग त्यानं अंगठा कागदावर ठेवला, नीट दाबला, आणि फडक्याला पुसला.

शीलाला वाटलं, आपण इथून उठून चालत सुटावं, कुठेही. बावीस वर्षांत तिनं किती अंगठे घेतले होते, लशीच्या वहीत, भत्त्याच्या वहीत, नसबंदीच्या फॉर्मवर. प्रत्येक वेळी ती म्हणायची, लावा हो, काही नाही त्यात. आणि ही निरक्षर माणसं त्या एका ठशाआधी तीन-तीनदा ऐकून घेत होती. आणि तिनं धड न वाचता दिवसाला चाळीस वाटले होते.

तिनं डॉक्टरांचा मसुदा बाजूला सारला आणि कोरा कागद मागितला. डॉक्टर हिंदीत हळूच म्हणाले, सोच लो सिस्टर. तिनं लिहिलं, देवनागरीत, एकेक अक्षर सोडवून. संदेशाचे दोन अर्थ होत होते. मला एकच दिसला. मी उलट विचारलं नाही. गरोदर बाईचं नाव आणि गाडी हे दोन शब्द एकत्र दिसल्यावर विचारायला हवं होतं: आत्ता की उद्या? ते न विचारता मी अंगठा दिला, आणि त्या अंगठ्यावर विसंबून बाई दोन तास रस्त्यावर थांबली. इंग्रजी अक्षरांत लिहायला निशाला मीच भाग पाडलं होतं. खाली सही केली. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

कुणाला वाटेल की झालं, सत्याचा विजय. तसं काही होत नाही. शीलाचा खुलासा फाईलला लागला, आणि तिला मेमो मिळाला, वेतनवाढ रोखल्याचा. निशाला कमी करायचा कागद मात्र शंकररावांनी चौकशीला येण्याआधीच दिलेल्या अहवालावरून वर गेला होता. वर गेलेला कागद खाली आणायला कुणाला सवड नसते. शीला तीनदा तालुक्याला जाऊन आली. एकदा साहेब बैठकीत होते, एकदा रजेवर. तिसऱ्यांदा एका कारकुनानं प्रेमानं सांगितलं की मॅडम, तुम्ही कशाला स्वतःचे पाय खोलात घालता.

जे तिच्या हातात होतं ते तिनं केलं. बावीस आशांना ओट्यावर बसवलं आणि एकेकीचा फोन हातात घेऊन मराठी कीबोर्ड चालू करून दिला. ज्यांच्या फोनमध्ये जागा नव्हती त्यांचे सकाळच्या फुलांचे, गुड मॉर्निंगचे फोटो उडवले. हळू लिहिलं तरी चालेल, म्हणाली. टाइप करणं जमत नसेल तर बोला, फोन मराठीत लिहून देतो, पण पाठवायच्या आधी एकदा वाचा, तो आपल्या मनानंही लिहितो. अगदीच रोमनमध्ये लिहायची वेळ आली, तर लांब स्वराला दोन a, आणि ळ-ण-ट-ठ-ड-ढ ला मोठं अक्षर, ही खूण आज सगळ्यांनी मिळून पाठ करायची. संख्या आकड्यांत. कल-बिल नाही, वार आणि तारीख. प्रश्न असेल तर प्रश्नचिन्ह. आणि अंगठा बंद. आलेला निरोप आपल्या शब्दांत परत लिहायचा: अमुक बाईला आत्ता कळा सुरू आहेत, गाडी आत्ता हवी, बरोबर? समोरच्यानं हो म्हटलं की मगच काम झालं.

या वेळी कुणी हसलं नाही. तेविसावी जागा मोकळी होती, आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. बैठक सुटल्यावर एका म्हातारीशा आशानं जाता जाता विचारलं, सिस्टर, हे आधी का नाही सांगितलंत? शीला थंड डबा पुसत राहिली.

त्यानंतरच्या मंगळवारी पुन्हा लसीकरण होतं. पुन्हा तीच बाळं, तोच बर्फ. एक वाजायच्या सुमाराला फोन थरथरला. ग्रुपवर नव्हे, एकटीला. निशाचा होता. कामावरून काढलेल्या निशाचा, आणि देवनागरीत. कुणाकडून तरी तिनं कीबोर्ड पुन्हा टाकून घेतला असणार. धड्यासारखी स्वच्छ वाक्यं, पूर्णविरामासकट.

"शीलाताई, आज सकाळी नवसीकडे गेले होते. ती बरी आहे. ताप नाही. पण तिचं दूध थांबत नाही. बाळ नाही आणि दूध येतंय. ती विचारते, काय करू."

शीलानं सुई ट्रेमध्ये ठेवली. मेसेज दुसऱ्यांदा वाचला, मग तिसऱ्यांदा. त्यात एक अक्षर कमी-जास्त नव्हतं. एकही शब्द दोन अर्थांचा नव्हता. काही विचारून घ्यावं, असं त्यात काही उरलंच नव्हतं. ओट्यावरच्या बाया तिच्याकडे बघत होत्या, मांड्यांवर आपापली बाळं घेऊन.

अंगठा सवयीनं त्या पिवळ्या चित्राकडे गेला होता. तो तिनं मागे घेतला. मग एकेक अक्षर शोधत लिहायला घेतलं, डोळे पुसत, कारण अक्षरं दिसेनाशी झाली होती.

"नवसीचं दूध थांबत नाही, ती विचारते काय करू. मला कळलं. तिला सांग, छाती पिळू नकोस, गार पाण्याचं फडकं ठेव. मी आज, मंगळवारी, दुपारी 4 वाजता वाडीत येते."

पाठवलं. लगेच उत्तर आलं.

"तुम्ही आज मंगळवारी 4 वाजता येता. नवसीला सांगते. बरोबर?"

शीलानं "हो" लिहिलं. सगळं बरोबर होतं. पुढची बाई बाळ घेऊन उठली आणि तिनं त्याची मांडी पुढे केली.